रास म्हणाल, तर कुठली ते आधी सांगा

«माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं लग्न पुढच्या महिन्यात बेळगावात आहे. मुलगा गोकाकचा, त्यांच्या घरी कन्नड. पत्रिका बघितली, 26 गुण जुळले, मगच बोलणी झाली. रिसेप्शनला मी दोन शब्द बोलावेत, टोस्ट करतात तसं, असा तिचा हट्ट आहे. तिचा वाढदिवस 12 एप्रिलचा, त्याचा 5 जुलैचा. म्हणजे ती मेष, तो कर्क. ती तिसऱ्या साडीला ‘हीच’ म्हणून बिल करायला उठते, तो एका शेरवानीसाठी तीनदा दुकानात जातो. पण जीव दोघांचा एकमेकांत आहे. ती रोज संध्याकाळी त्याच्या अज्जीला फोन करून कन्नडमधून जेवण झालं का विचारते, आणि तो हिच्या घरी आला की आधी काकूंना ‘जेवलात काय’ म्हणून विचारतो. मी लिहिलंय : ‘यांच्या राशी अजिबात जुळत नाहीत, पाणी आगीला विझवणारच. हे लग्न टिकलं तर चमत्कार, पण मनं जुळली आहेत.’ लोक हसतील ना? कुणाला लागणार तर नाही?
— एक मैत्रीण, शहापूर, बेळगाव»

लागेल. कल्पना चांगली आहे, पण हे वाक्य जसंच्या तसं स्टेजवरून गेलं, तर पहिल्या दोन ओळींत बसलेली माणसं हसायच्या ऐवजी एकमेकांकडे बघतील. दोष विनोदाचा नाही, ‘रास’ या शब्दाचा आहे.

तुम्ही म्हणताय ती जन्मतारखेवरून ठरणारी, सूर्याची रास. आपल्याकडे मात्र नुसतं ‘रास’ म्हटलं की ती चंद्राची, पत्रिकेतली. सूर्य एका राशीत साधारण महिनाभर असतो, म्हणून ती रास नुसत्या तारखेवरून सांगता येते. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, म्हणून तिला जन्मवेळ लागते. लग्नाला जे 36 गुण बघतात ते सगळे चंद्राच्या राशी-नक्षत्रांवरून; सूर्य कुठल्या राशीत होता याला त्यात एकही गुण नाही. त्या 36 पैकी 7 गुण तर दोघांच्या चंद्रराशींमधल्या अंतरावरच ठरतात. दोन्ही घरच्यांनी 26 गुण बघून होकार दिलेला आहे आणि तुम्ही माइकवर ‘राशी अजिबात जुळत नाहीत’ म्हणताय. मुलाच्या मामांना ऐकू येणार : पत्रिकेत काहीतरी लपवलंय. रिसेप्शन संपायच्या आत कुणीतरी नवरीच्या आईला बाजूला घेऊन विचारेल.

म्हणून विनोदाच्या आधी एक वाक्य लागतं, जे पत्रिकेला मान देऊन बाजूला ठेवतं. ‘मोठ्यांनी पत्रिका बघितली, गुण जुळले, त्यात मला बोलायला काही जागाच नाही. मी आपल्या मोबाइलवर नुसत्या वाढदिवसाच्या तारखा टाकून बघितल्या.’ एवढं म्हटलंत की पुढची सगळी गंमत मोबाइलच्या खात्यावर जाते आणि मोठी माणसंही मोकळेपणानं हसतात. हे वाक्य कितीही घाई झाली तरी गाळायचं नाही.

पंचांग बघणारे एखादे काका तरीही उठून म्हणतील, की 12 एप्रिलला सूर्य मेषेत नसतोच, मीनेत असतो. तेही बरोबर आहेत. आपली मकर संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते आणि तारखेच्या हिशेबानं मकर रास 22 डिसेंबरच्या आसपासच सुरू होते, तसाच हा फरक. एक गणित ऋतूंवरून चालतं, दुसरं ताऱ्यांवरून, आणि दोन्हींत सध्या सुमारे 24 अंशांचं, म्हणजे साधारण तेवढ्याच दिवसांचं अंतर पडलेलं आहे. पंचांगात सूर्य मेषेत येतो 13-14 एप्रिलला आणि कर्केत जुलैच्या मध्याला. त्या हिशेबानं नवरी मीन आणि नवरा मिथुन होतो, आणि तुमची आग-पाण्याची गंमत उरतच नाही. हे भाषणात समजावत बसू नका. काकांनी विचारलंच, तर खाली उतरल्यावर म्हणा, ‘काका, ती इंग्रजी तारखेची रास.’ त्यांचं समाधान होईल, कारण त्यांना फरक माहीत आहे.

तारखा मात्र एकदा खात्री करून घ्या. आपल्या भागात शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख वेगळी असणं नवीन नाही. जुन्या पिढीत तर 1 जून जन्मतारीख असलेली माणसं घराघरात सापडतात. मुलाची 5 जुलै दाखल्यावरची की आईच्या तोंडची, हे त्याच्या बहिणीला विचारा. बाकी दोन्ही तारखा सोयीच्या आहेत. रास बदलते ती महिन्याच्या 19 ते 23 तारखांच्या आसपास, आणि तो दिवस वर्षागणिक एखाद्या दिवसानं पुढे-मागे होतो. त्या काठावरची तारीख असती, तर कुणीतरी नक्कीच चूक काढली असती.

आता तुमच्या वाक्यातलं ‘टिकलं तर चमत्कार’. हे काढा. अक्षता पडून आठ तास झालेले नसतात, तेव्हा लग्न न टिकण्याची शक्यता, गमतीत का होईना, स्टेजवरून कुणी बोलू नये. आज्या कानावर हात ठेवतील. शिवाय असं वाक्य दोन तुकड्यांत ऐकलं जातं. मागे पोरं ओरडत असतात, वाढप्यांची ये-जा चाललेली असते, कुणी मोबाइलवर नेमकं तेवढंच चित्रित करून स्टेटसला टाकतं. पहिला अर्धा पोहोचतो, ‘पण मनं जुळली आहेत’ हा दुसरा अर्धा आवाजात बुडतो. ‘पाणी आगीला विझवणारच’ यातही तीच अडचण. ऐकणाऱ्याला त्यात सरळ एवढंच दिसतं, की नवरा बायकोला विझवणार. तुम्हाला तसं म्हणायचं नाही, हे मला कळतं; पण स्टेजवर अर्थ शब्दांचा लागतो.

असाच धोका आणखी चार शब्दांत आहे आणि राशींवर विनोद करताना ते हमखास तोंडी येतात. मेष म्हटलं की तिचा स्वामी मंगळ, असं कुठेही वाचायला मिळतं. पण लग्नाच्या मांडवात ‘हिचा मंगळ’ एवढं जरी ऐकू आलं, तरी नवरीला मंगळ आहे की काय, ही कुजबुज सुरू होते. मेष म्हणजे मेंढा, तर नवरीला मेंढी म्हणणं झालं. कर्क म्हणजे खेकडा, आणि मराठीत खेकडा म्हटलं की दुसऱ्याचा पाय ओढणारा माणूस आठवतो. नवरदेवाला तो शब्द कशाला? चौथा षडाष्टक. बोलताना आपण वाकडं असलेल्या दोन माणसांना सर्रास म्हणतो, ‘त्यांचं षडाष्टक आहे.’ इथे तो शब्द वाईट तर आहेच, शिवाय चुकीचाही. षडाष्टक म्हणजे एकापासून दुसरी रास सहावी आणि उलट मोजली तर आठवी. मेषेपासून कर्क चौथी येते, कर्केपासून मेष दहावी. तुमच्या जोडीत षडाष्टक बसतच नाही.

मग वापरायचं काय? फक्त तत्त्वं. बोटांवर मोजा : मेष अग्नी, वृषभ पृथ्वी, मिथुन वायू, कर्क जल, आणि मग सिंहेपासून पुन्हा तोच क्रम. ती अग्नी, तो जल. हे ऐकणाऱ्याला राशींचं काही कळत नसलं तरी समजतं, आणि कन्नडमध्येही शब्द जवळजवळ हेच आहेत. आग आणि पाणी शेजारी ठेवले की सगळ्यांना भांडण दिसतं. तुमचं काम एवढंच, की ते भांडण दिसायच्या आत त्याचं काहीतरी वेगळं करून दाखवायचं. आपल्या घरात विस्तव आणि पाणी रोज एकत्र येतात, आणि त्याला आपण आधण म्हणतो. आधण ठेवल्याशिवाय भात नाही, चहा नाही. इथे पाणी विझवत नाही आणि आगही पाण्याला आटवून टाकत नाही, कारण मध्ये भांडं असतं. ते भांडं म्हणजे समोर बसलेली दोन्ही घरं, एवढं म्हणालात की मामा-मावशांनाही आपला वाटा मिळतो.

स्वभावाचा नमुना राशीवरून घेऊ नका, माणसावरून घ्या. मेषेबद्दल पुस्तकात रागीट असं लिहिलेलं असतं, पण नव्या सुनेला सासरच्यांसमोर रागीट ठरवू नये. कर्केबद्दल आईच्या पदराशी बांधलेला असं लिहितात. तेही नको, त्यात नवरा आणि सासू दोघंही अवघडतात. तुमच्याकडे साडी आणि शेरवानीचा किस्सा आहे. तो पुरेसा आहे. दोघांनाही थोडं हसतो आणि दोघांचंही काही कमी होत नाही. समतोल सांभाळा : तिच्यावर एक वाक्य, तर त्याच्यावरही एकच. तुम्ही नवरीच्या मैत्रीण आहात, त्याच्यावर दोन वाक्यं झाली तरी मुलाकडच्यांना चार वाटतील.

तुमच्या पत्रातली खरी ठेव म्हणजे ते ‘जेवण झालं का’. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण मनं जुळल्याचा याहून चांगला पुरावा शोधून मिळणार नाही. ‘दोघांचं प्रेम खूप आहे, समजूतदार आहेत’ ही विशेषणं कुठल्याही जोडीला लागतात. दोन भाषांतून, दोन घरांत, दोघं तोच एक प्रश्न विचारतात, हे मात्र फक्त यांचं आहे. आधणापासून भातापर्यंत आणि भातापासून ‘जेवलात काय’पर्यंत वाट सरळ जाते. विनोद आणि जिव्हाळा एकाच धाग्यावर येतात.

आपल्या दोन्ही भाषांत रास म्हणजे खळ्यावरचा धान्याचा ढीगसुद्धा. ‘दोन शेतांची एकच रास झाली’ असं म्हणायचा मोह होईल. कल्पना सुंदर आहे, पण आधण घेतलंत तर ती सोडा. अडीच मिनिटांत एकच उपमा मनात राहते, दुसरी पहिलीला पुसून टाकते.

कन्नडबद्दल. पूर्ण भाषण दोनदा, दोन भाषांत करू नका. निम्मे लोक आधी हसतात, निम्मे नंतर, आणि दोन्ही वेळा हसू अर्धवट राहतं. बेळगावातले बहुतेकजण दोन्ही भाषा ऐकून समजतात, गोकाककडच्यांनाही ओघ कळेल. तीन जागी कन्नड घाला : सुरुवातीचा नमस्कार, अज्जींचा प्रश्न आणि शेवटचं वाक्य. ते वाक्य मी असं सुचवीन : ‘राशि बेरे, मनस्सु ओंदे’. राशी वेगळी, मन एकच. चारच शब्द, आणि त्यातले दोन मराठी माणसालाही आपसूक कळतात. ‘मनस्सु’मधला दुहेरी स आणि शेवटचा ऱ्हस्व उ नीट यायला हवा, म्हणून मुलाच्या बहिणीकडून चार वेळा म्हणून घ्या. अज्जींचा प्रश्न पुस्तकी कन्नडमध्ये नको, आपल्या उत्तरेकडच्या बोलीत असू द्या.

कुणीतरी नक्की सुचवेल, ‘सीमाप्रश्न इथे सुटला असं म्हण, टाळ्या पडतील.’ ते घेऊ नका. एकाच 1 नोव्हेंबरला इथे काही घरांत काळा दिवस असतो आणि काही घरांत राज्योत्सव. ती दोन्ही प्रकारची माणसं त्या सभागृहात शेजारी शेजारी जेवायला बसलेली असणार. त्या संध्याकाळी त्यांना वेगळं काढायचं काही कारण नाही.

सगळं मिळून भाषण असं होईल. नातं आणि वर्षं तुमच्याप्रमाणे बदला :

«सगळ्यांना नमस्कार. एल्लरिगू नमस्कार. मी नवरीची मैत्रीण, शाळेपासूनची.

मोठ्यांनी पत्रिका बघितली, गुण जुळले, त्यात मला बोलायला काही जागाच नाही. मी आपल्या मोबाइलवर नुसत्या वाढदिवसाच्या तारखा टाकून बघितल्या. मोबाइल म्हणाला, हिची रास अग्नीची आणि दाजींची पाण्याची.

मला पटलं. साडी घ्यायला गेलो, तर हिनं तिसऱ्याच साडीला ‘हीच’ म्हटलं आणि बिल करायला उठली. दाजी एका शेरवानीसाठी तीनदा दुकानात जाऊन आले.

आता विस्तव आणि पाणी म्हटलं की लोकांना काळजी वाटते. पण आपल्या घरात विस्तवावर पाणी ठेवलं की आपण त्याला आधण म्हणतो, आणि आधणाशिवाय कुणाच्याच घरी भात शिजत नाही. फक्त मध्ये एक भांडं लागतं. ते भांडं म्हणजे इथे बसलेली ही दोन घरं.

ही रोज संध्याकाळी गोकाकला फोन लावते आणि अज्जींना विचारते, ‘ऊटा आतेन्री?’ आणि दाजी हिच्या घरी आले, की चप्पल काढता काढता आधी काकूंना विचारतात, ‘काकू, जेवलात काय?’ हे दोघांनी ठरवलेलं नाही. मोबाइलला हे माहीतच नव्हतं.

राशि बेरे, मनस्सु ओंदे. रास वेगळी, मन एकच.

आता आम्ही तुम्हा दोघांना विचारतो. जेवलात काय? नाही ना? मग हा पहिला घास.»

हसण्यासाठी थांबत, सावकाश म्हटलंत तर हे दोन-अडीच मिनिटांत होतं. घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचा; दीड मिनिटात संपलं, तर तुम्ही घाईत आहात. थांबायच्या जागा तीन : ‘पाण्याची’ नंतर, ‘दुकानात जाऊन आले’ नंतर आणि ‘भात शिजत नाही’ नंतर. हसू आलं नाही, तरी वाक्य पुन्हा म्हणू नका आणि समजावू नका, सरळ पुढे जा. अज्जींच्या प्रश्नाला मात्र हसू किंवा टाळी येणारच, आणि खुद्द अज्जी समोर असतील तर कदाचित त्या तिथूनच उत्तर देतील. त्यांना बोलू द्या. त्यांच्यापेक्षा चांगलं वाक्य तुमच्याकडे नाही.

शेवटी ‘घास’ का, ग्लास का नाही? बेळगाव-खानापूरच्या ख्रिस्ती लग्नांत टोस्टला ग्लास उंचावण्याची रीत रुळलेली आहे, सगळ्यांना तिची सवय आहे. तुमच्या समारंभात मात्र निम्म्यांना टोस्ट म्हणजे चहात बुडवायचा तेवढाच ठाऊक असेल, आणि हातातल्या ग्लासात सरबत आहे हे लांबून कळत नाही. भरवणं सगळ्यांना कळतं. नवऱ्याच्या गावचा करदंट नवरीला भरवा आणि नवरीच्या गावचा कुंदा नवऱ्याला. करदंट गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याचा, चिकट आणि कडक असतो. अख्खी वडी तोंडात गेली तर पुढची पाच मिनिटं नवरी फोटोत गाल फुगवून उभी राहील. नखाएवढे तुकडे करून घ्या. कुंदा मऊ असतो, पण हाताला आणि शेरवानीला लागतो, म्हणून छोटा चमचा आणि रुमाल हवा. ताटली घेऊन स्टेजच्या पायरीशी एक करवली उभी करा, तिला खूण म्हणजे ‘ओंदे’ हा शब्द.

वेळ एकच चांगली : जोडी स्टेजवर येऊन उभी राहिली आणि आहेराची रांग लागायची आहे, त्या मधल्या पाच मिनिटांत. एकदा रांग लागली, की नवरा-नवरी प्रत्येकाला हसून फोटो देत असतात आणि तुमचं बोलणं त्यांच्याच कानावर पडत नाही. जेवण सुरू झाल्यावर तर नकोच. फोटोग्राफर आणि डीजे, दोघांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. डीजेला विशेष, कारण ‘जेवलात काय’ नंतर त्यानं लगेच गाणं लावलं तर घास कुणाला दिसणारच नाही. घास भरवून झाला की मग लावू दे.

आणि लग्नाच्या दोन दिवस आधी हे भाषण दोघींनाच वाचून दाखवा, नवरीच्या आईला आणि मुलाच्या बहिणीला. त्यांच्यापैकी जी ज्या शब्दावर क्षणभर थांबेल, तो शब्द काढा.